नातं कोणतं, रजा किती? दुःखवट्याच्या रजेचे नियम लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी, खेड्यातली खासगी शाळा अशा ठिकाणी मस्टर आणि रजेचं रजिस्टर ज्यांच्या हाती असतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. विदर्भातल्या अशा छोट्या आस्थापनांचे रजेचे नियम मी लिहून देतो. त्यात सगळ्यात जास्त अडचण येते ती एका कलमाची: घरात मयत झाली तर रजा कोणासाठी आणि किती दिवस. इथले बहुतेक प्रश्न त्याच कलमाच्या शब्दरचनेचे आहेत.

अशी रजा देणं कायद्याने बंधनकारक आहे का?

खासगी आस्थापनांसाठी दुःखवट्याची वेगळी रजा कायद्यात नाही. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, पण त्या तिमाहीला जमा होतात. म्हणजे जानेवारीत बाप वारला तर पतसंस्थेच्या कारकुनाच्या खात्यावर दोनच दिवस असतात. जिनिंगसारखा कारखाना त्या कायद्यात येत नाही. तिथे भरपगारी रजा हजेरीच्या दिवसांवर मिळते, आणि कापसाच्या हंगामापुरत्या कामाला आलेल्या माणसाचे तेवढे दिवस भरतील याची खात्री नसते. म्हणून हे कलम आपलं आपणच लिहावं लागतं. कायदा गप्प असल्यामुळे ते नीट लिहायला कोणाची आडकाठीही नाही.

आमच्या नियमात “आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांच्या निधनानंतर 3 दिवस सलग” असं आहे. त्यात वावगं काय?

हे वाक्य शहरातल्या एखाद्या कंपनीच्या नमुन्यातून उतरवलेलं असतं आणि आपल्याकडे ते तीन ठिकाणी अडतं.

पहिली अडचण यादीची. सुनेची सासू त्यात नाही. दहा वर्षं एका घरात राहून जिचं दुखलंखुपलं सुनेनं काढलं, ती गेल्यावर सुनेला नियमाने एकही दिवस मिळत नाही, आणि मुलाला मात्र तीन. भाऊ-बहीण नाहीत. आजी नाही. ज्याला आजी-आजोबांनी किंवा मामाने लहानाचं मोठं केलं, त्याच्यासाठी तर काहीच नाही.

दुसरी अडचण “सलग” या शब्दाची. आपल्याकडे माणूस गेल्यावर काम एकदम येऊन एकदम संपत नाही. मातीचा दिवस, राख सावडणं, मग मधे काही दिवस नुसतं भेटायला येणाऱ्यांचे, पुढे दहावा आणि तेरवी. बौद्ध कुटुंबात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा दिवस घरच्यांच्या सोयीने ठरतो. मुस्लिम घरात तीजा आणि चाळीसावा असतो. मेळघाटातल्या कोरकूंमध्ये सिडोलीचा विधी कित्येकदा महिन्यांनी, हाती पैसा आला की होतो. सलग तीन दिवस दिले की चौथ्या दिवशी माणूस कामावर येतो आणि दहाव्याला पुन्हा गैरहजर लागतो.

तिसरी अडचण “निधनानंतर” या शब्दाची. नागपूरच्या मेडिकलमधून किंवा सेवाग्रामहून डॉक्टर सांगतात, “आता घरी न्या.” त्यानंतरचे दोन-तीन दिवस पोरगा बापाच्या उशाशी बसलेला असतो आणि रजिस्टरात त्याची बिनपगारी लागते. खरी गरज तेव्हाच असते. नियमाने ती मृत्यूच्या तारखेपर्यंत अडवून धरू नये.

मग कलम कसं लिहावं? शब्द द्या.

मी साधारण असं लिहून देतो. दिवस आपापल्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त करा, पण रचना तीच ठेवा.

“जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूसाठी कर्मचाऱ्यास कामाचे 7 दिवस भरपगारी रजा मिळेल. जवळची व्यक्ती म्हणजे: पती, पत्नी किंवा सोबत राहणारा जोडीदार; अपत्य, मग ते पोटचे, दत्तक, सावत्र किंवा सांभाळलेले असो; सून व जावई; आई-वडील व सासू-सासरे, सावत्र धरून; भाऊ व बहीण; कर्मचाऱ्यास लहानपणी ज्या व्यक्तीने सांभाळले ती; आणि कर्मचाऱ्यासोबत एकाच घरात, एका चुलीवर राहणारी कोणतीही व्यक्ती.

इतर नातेवाइकांसाठी 3 दिवस मिळतील. यात आजी-आजोबा, नातवंडे, काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी, त्यांची मुले, दीर, भासरे, जाऊ, नणंद, साळा, साळी, मेहुणा, वहिनी आणि व्याही-विहीण येतात. शेजारी, मित्र, सहकारी किंवा गावातील व्यक्तीच्या मातीसाठी 1 दिवस मिळेल.

ही रजा प्रत्येक मृत्यूसाठी स्वतंत्र आहे. ती तुकड्यांत घेता येईल, मृत्यूपूर्वी शेवटच्या आजारपणात सुरू करता येईल आणि मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत संपवावी. साप्ताहिक सुटी व सणाची सुटी यात मोजली जाणार नाही. नाते कोणते हे कर्मचाऱ्याने सांगितलेले ग्राह्य धरले जाईल.”

यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे “लहानपणी सांभाळले” आणि “एका चुलीवर”. नात्यांची यादी कितीही लांबवली तरी एखादं नातं बाहेर राहतंच. ही दोन वाक्यं त्या सुटलेल्यांना आत घेतात, आणि रक्ताचं आहे की नाही हे विचारायची वेळ येत नाही.

सांभाळलेल्या व्यक्तीचं कलम प्रत्यक्षात कसं चालतं? एखादं उदाहरण?

जिनिंगच्या काट्यावर बसणाऱ्या एका ताईचं धरू. तिची आई ती तान्ही असतानाच गेली. मोठ्या मायनं, म्हणजे थोरल्या काकूनं, तिला घाटंजीकडच्या एका गावात वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. कागदावर ती मोठी माय तिची “काकू”. ऐन हंगामात, मंगळवारी संध्याकाळी मोठी माय गेली. जिनची साप्ताहिक सुटी रविवारची.

जुन्या नियमात “इतर नातेवाईक: 1 दिवस” होता. बुधवारी माती झाली आणि रजा संपली. राख सावडायला थांबली तर गुरुवार बिनपगारी. दहाव्याला पुन्हा सुटी मागायची तर मॅनेजर म्हणणार, “काकूसाठी किती दिवस?” आणि तिला आपलं सगळं बालपण त्याच्या टेबलासमोर उभं राहून सांगावं लागणार. सांगितलं तरी त्याच्या हातात काही नाही, कारण नियमात काकू ती काकूच.

नव्या कलमात ती फोनवर एवढंच सांगते: मोठी माय गेली, तिनंच मला वाढवलं. 7 दिवस मंजूर. मंगळवार पहिला दिवस धरला तर राख सावडण्याचा तिसरा दिवस गुरुवारी येतो. ती बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी तीन दिवस राहते आणि शनिवारी काट्यावर येते. दहावा पुढच्या गुरुवारी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती पुन्हा जाते, आणि तेरवी रविवारी म्हणजे सुटीच्याच दिवशी पडते. असे सहा दिवस झाले. सातवा तिने राखून ठेवला, कारण काका एकटे आहेत आणि त्यांच्यासोबत एक दिवस बँकेत जावं लागणार आहे.

जिनच्या बाजूनेही बघा. गाड्यांची रांग लागलेली असताना सलग सात दिवस काट्यावर दुसरा माणूस बसवणं अवघड गेलं असतं. तीन-तीन दिवसांचे दोन तुकडे, त्यातला दुसरा आठवडाभर आधी माहीत असलेला, हे मॅनेजरला सोपं पडतं.

लग्न झालेल्या बाईला माहेरची रजा किती आणि सासरची किती?

दोन्हीकडची सारखी. हे स्पष्ट लिहायलाच हवं. नाही तर “ती आता त्या घरची नाही, तिला तीन दिवसांचं सुतक” असा रिवाज ऑफिसात शिरतो. सुतक कोणाला किती हे घरच्यांनी आणि भटजींनी ठरवावं, रजिस्टराने त्यात पडू नये. मुलीचे आई-वडील गेले तर मुलालाही असतात तेवढेच 7 दिवस, आणि सासू-सासऱ्यांचेही तेवढेच. पुरुषालाही सासू-सासऱ्यांसाठी तेच मिळतात. ज्या घरात दोन मुलीच आहेत, तिथे खांदा, पाणी, तेरवीचा खर्च हे सगळं जावयावरच येतं.

विधवा झालेली किंवा सोडून दिलेली बाई सासरच्या मयतीला जायची असेल तर तिला अडवू नका. नवरा नाही म्हणून तिची सासू तिची सासू राहत नाही असं नाही. कलमात “विवाह संपल्यानंतरही ही नाती कायम धरली जातील” एवढं एक वाक्य घाला.

लग्न न करता सोबत राहणारे, दुसरं घर, घरच्यांनी तोडलेला आंतरजातीय विवाह, यांचं काय?

कलमात “सोबत राहणारा जोडीदार” आहे, तेवढं पुरतं. रजा मागताना लग्नाचा दाखला मागू नये. पत्नी दोन असतील तर वारस कोण, हे कोर्ट आणि तहसील बघेल. रजा दिल्याने कोणाचा वारसाहक्क सिद्ध होत नाही की बुडत नाही. ही भीती संस्थाचालक फार बाळगतात, म्हणून कलमाखाली तसं लिहून ठेवा: “ही रजा वारसाहक्काचा किंवा विवाहाचा पुरावा मानली जाणार नाही.”

घरच्यांनी तोडलेल्या मुलाला बापाच्या मातीला उभंही राहू देत नाहीत, असंही होतं. त्याला रजा मिळायला तो तिथे गेला होता याची अट नसावी. तो आपल्या खोलीत बसून राहिला तरी त्याचा बाप गेलेला असतो.

पुरावा कोणता मागायचा? खोटं सांगून रजा घेतली तर?

रजेवर जाण्याआधी काहीही मागू नका. भावाने किंवा शेजाऱ्याने केलेला फोनसुद्धा पुरे, कारण ज्याच्या घरी मयत आहे त्याला अर्ज लिहायला सांगणं बरं नव्हे. परत आल्यावर सात दिवसांच्या रजेसाठी काही तरी कागद हवाच असेल, तर जे सहज असतं ते चालवा: तेरवीची पत्रिका, फोनवर फिरलेला शोकसंदेश, दवाखान्याचा कागद.

मृत्यूच्या दाखल्याची अट घालू नका. मृत्यूची नोंद करायला 21 दिवसांची मुदत असते, आणि खेड्यात ती बहुधा तेरवी आटोपल्यावर ग्रामपंचायतीत होते. त्यात दाखल्यावरचं नाव वेगळं निघतं. जिला गाव गंगूबाई म्हणून ओळखतं, तिचं आधारवरचं नाव दुसरंच असतं. मग कारकून त्या दोन नावांचा मेळ घालत बसतो आणि रजा लटकते.

“सांभाळले” या कलमाखाली नातं सिद्ध करायला सरपंचाचं पत्र मागायचा मोह होतो. तो टाळा. कर्मचाऱ्याला गावात जाऊन आपल्या घरचं सांगत फिरावं लागतं, आणि पत्र देणारा कधी कधी त्याचा अर्थ लावून बसतो. कर्मचाऱ्याची एका ओळीची सही पुरते. खोटेपणा सापडलाच, तर तो खोटी माहिती देण्याच्या नेहमीच्या शिस्तीच्या नियमात येतो. या कलमात त्यासाठी वेगळी धमकी लिहू नका, कारण ती प्रत्येक दुखावलेल्या माणसाला वाचावी लागते. तालुक्याच्या गावात कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळतंच. मी पाहिलेल्या ठिकाणी या रजेचा गैरवापर क्वचितच होतो. अडचण बहुतेक वेळा उलटी असते, माणूस रजा मागायलाच लाजतो.

मृत्यूचं कारण विचारावं का? शेतकरी आत्महत्येच्या घरचं काय?

कारण विचारू नये, आणि रजेच्या फॉर्मवर “मृत्यूचे कारण” हा रकानाच ठेवू नये. आपल्या भागात हे विशेष जपावं लागतं. मस्टरवरच्या कित्येकांच्या घरी अर्धं पोट शेतीवर आणि अर्धं मजुरीवर चालतं, आणि असा घाला ज्याच्या घरी पडतो त्याला गावभर तोच प्रश्न ऐकावा लागतो.

मात्र अशा घरासाठी जास्तीचे दिवस लागतात. साप चावला, वीज पडली, विहिरीत बुडाला किंवा आत्महत्या झाली, की पोलिसांत मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो, शवविच्छेदनासाठी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला न्यावं लागतं. मातीच कधी दुसऱ्या दिवशी होते. पुढे जबाबाला ठाण्यात बोलावतात. शेतकरी आत्महत्येत शासनाची एक लाखाची मदत असते. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, सातबारा, कर्जाची कागदपत्रं आणि मग तालुका व जिल्हा पातळीवर प्रकरण पात्र की अपात्र हे ठरणं, अशी लांब वाट चालावी लागते. हे सगळं तेरवीनंतर सुरू होतं, आणि त्यासाठी बहुतेक घरातला एकच शिकलेला माणूस पळत असतो. तोच तुमच्याकडे कामाला असतो.

म्हणून वेगळं वाक्य लिहा: “मृत्यूनंतरच्या शासकीय, पोलीस, बँक किंवा विम्याच्या कामासाठी वर्षभरात आणखी 3 दिवस, अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांतही, मिळतील.” अर्ध्या दिवसाची सोय मुद्दाम आहे. तहसीलचं काम पुष्कळदा एका सहीचं असतं, पण ती सही एका फेरीत मिळत नाही. हे वाक्य सगळ्यांनाच लागू ठेवा, म्हणजे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

गर्भपात किंवा मृत बाळ जन्मलं तर?

आईसाठी कायदा आहे. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर 6 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ती दुःखवट्याच्या रजेतून वळती करायची नाही. केंद्र सरकारने 2022मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मृत बाळ जन्मल्यास किंवा बाळ जन्मल्यावर लगेच गेल्यास 60 दिवसांची विशेष रजा लागू केली. खासगी संस्थेला तो आदेश लागू नाही, पण नियम लिहिताना तो समोर ठेवायला हरकत नाही. बापासाठी कायद्यात काही नसतं. “अपत्य” या शब्दापुढे “न जन्मलेले धरून” एवढं घातलं की त्यालाही 7 दिवस मिळतात. आजवर बहुतेक बाप “बायको आजारी आहे” एवढंच सांगून एक दिवस घेत आले आहेत.

इद्दतसारखा मोठा काळ असेल तर?

पती गेलेल्या मुस्लिम महिलेसाठी इद्दत 4 महिने 10 दिवसांची असते. एवढी भरपगारी रजा छोट्या संस्थेला झेपत नाही हे खरं. पण नोकरी राखून ठेवणं झेपतं. 7 दिवस भरपगारी, नंतर शिल्लक असलेली रजा, आणि उरलेला काळ बिनपगारी, पण जागा तिचीच आणि सेवा अखंड धरायची. तिला घरून करता येईल असं काही काम असेल, उदाहरणार्थ पतसंस्थेची खाती तपासणं, तर ते तिला विचारून द्या, तिच्यावर लादू नका. हाच नियम कोणत्याही धर्माच्या विधवेला खुला ठेवा. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत नवरा गेल्यावर बाईला महिनाभर उंबरठा ओलांडू देत नाहीत.

हंगामी, रोजंदारी आणि ठेकेदाराच्या माणसांना हे लागू करायचं का?

लागू करा, आणि नियमाच्या पहिल्याच ओळीत लिहा: “कर्मचारी म्हणजे मस्टरवर नाव असलेली प्रत्येक व्यक्ती, हंगामी व रोजंदारी धरून.” नाही तर सात दिवस ऑफिसातल्या चौघांना मिळतात आणि रुई वाहणाऱ्याला काहीच नाही. “एक वर्ष सेवा झाल्यानंतर” ही अट काढून टाका. कोणाचा बाप त्याच्या नोकरीचं वर्ष भरायची वाट बघत नाही.

रोज किती द्यायचा हा प्रश्न येतो. ठरलेला रोज असेल तर तोच. गाठी किंवा पोत्यांच्या हिशेबाने काम असेल, तर मागच्या महिन्याची कमाई भागिले त्या महिन्यातल्या हजेरीचे दिवस. ठेकेदाराच्या माणसांसाठी ही अट ठेक्याच्या करारातच लिहून घ्या आणि बिलात तो खर्च मान्य करा. तसं केलं नाही तर ठेकेदार मान डोलावतो आणि देत काही नाही.

एकाच घरातले दोघं-तिघं आमच्याकडे कामाला आहेत. सगळ्यांना एकदम रजा द्यायची?

हो. नवरा-बायको दोघांनाही पूर्ण, भावाभावांनाही पूर्ण. “एका घरातून एकालाच” अशी अट मी पाहिली आहे. तिच्यामुळे दोन भावांपैकी मातीला कोणी राहायचं हे मालक ठरवतो, आणि ते त्याचं काम नाही.

खेड्यातल्या दालमिलमध्ये एकाच भावकीतली सात-आठ माणसं असतात. तिथे तीन दिवसांच्या रजेचीही सगळ्यांना एकदम गरज पडते. त्यासाठी मी एक वाक्य घालतो: “एकाच मृत्यूसाठी निम्म्याहून अधिक कर्मचारी जाणार असल्यास व्यवस्थापक त्या दिवशी काम बंद ठेवू शकेल, तो दिवस कोणाच्याही रजेतून वजा होणार नाही आणि त्याऐवजी पुढील 30 दिवसांत सर्वांच्या संमतीने एका साप्ताहिक सुटीला काम ठेवता येईल.” सुटी अशी बदलण्याआधी आपल्या आस्थापनेला लागू असलेल्या कायद्यात त्याची काय अट आहे, ते कामगार कार्यालयात विचारून घ्या.